पूजेची वेळ स्वतः कशी काढावी: सूर्योदय, मध्यान्ह, प्रदोष आणि त्यांचे वर्षभर सरकणे

२०२५ साली भाद्रपद शुद्ध चतुर्थी २६ ऑगस्टला दुपारी १:५४ ला लागली आणि २७ ऑगस्टला दुपारी ३:४४ ला संपली. हे दृक् गणिताच्या पंचांगांचे आकडे. गणपतीची स्थापना मध्यान्हकाळी असलेल्या चतुर्थीला करायची. पुण्यात २६ तारखेचा मध्यान्हकाळ १:५१ ला संपला होता, म्हणजे चतुर्थी तीन मिनिटे उशिरा पोचली. दुसऱ्या दिवशी मात्र सबंध मध्यान्हकाळ चतुर्थीतच होता, त्यामुळे २७ तारखेबद्दल वाद उरला नाही. तिथी सगळ्या देशात एकाच क्षणी लागते, पण मध्यान्हकाळ गावागावाचा वेगळा असतो. तो १:५१ ला संपला हे कुठून आले, तेवढे एक गणित जमले की ब्राह्ममुहूर्त, अभिजित, प्रदोष, निशीथ हे सगळे आपोआप हाताशी येते.

लागणाऱ्या वस्तू तीन: आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश, तारीख, आणि sin, cos असलेला कॅल्क्युलेटर. कॅल्क्युलेटर अंशांवर ठेवा. तो रेडियनवर राहिला तर सूर्योदय भर दुपारी निघतो. ही चूक निदान लगेच दिसते. पुढे काही चुका अशा येतील की ज्या दिसत नाहीत.

आधी काय मोजायचे ते

आपल्याकडच्या नित्यकर्माच्या वेळा घड्याळावर ठरलेल्या नाहीत, त्या दिनमानाचे वाटे आहेत. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतचा काळ म्हणजे दिनमान. त्याचे पाच सारखे भाग केले की प्रातःकाल, संगव, मध्यान्ह, अपराह्ण आणि सायाह्न मिळतात. त्याचेच पंधरा भाग केले की दिवसाचे मुहूर्त मिळतात, आणि त्यांतला मधला, आठवा, तो अभिजित. रात्रीचेही तसेच पंधरा भाग. सूर्यास्तानंतरचे पहिले तीन म्हणजे प्रदोष, मधला आठवा निशीथ, आणि शेवटून दुसरा ब्राह्ममुहूर्त.

मुहूर्त म्हणजे दोन घटिका, ४८ मिनिटे, असे आपण पाठ केलेले असते. ते फक्त दिवस-रात्र सारखी असताना खरे आहे. पुण्यात २१ जूनला दिवसाचा मुहूर्त ५३ मिनिटांचा असतो आणि २१ डिसेंबरला ४४ मिनिटांचा. काही पंचांगकर्ते ब्राह्ममुहूर्तासाठी आणि प्रदोषासाठी ठोक घटिकाच धरतात. दोन पंचांगांत दहा-बारा मिनिटांचा फरक दिसला तर आधी हे तपासा. बहुधा दोघांचेही गणित बरोबर असते, नियम वेगळा असतो.

म्हणजे खरे शोधायचे ते दोनच क्षण, उदय आणि अस्त. पण ते थेट शोधण्याऐवजी आधी त्यांच्या बरोबर मधला क्षण, म्हणजे सूर्य याम्योत्तरावर, आकाशातल्या उत्तर-दक्षिण रेषेवर, येतो ती खरी दुपार काढायची, आणि मग तिच्या अलीकडे-पलीकडे अर्धे दिनमान मोजायचे. ही वाट सोपी आहे, शिवाय वेळा का सरकतात तेही तिच्यातूनच कळते.

पहिली पायरी: आपल्या गावची खरी दुपार

भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे, ही रेषा मिर्झापूरजवळून जाते. पुण्याचा रेखांश ७३.८६. पृथ्वीला एक अंश वळायला चार मिनिटे लागतात, म्हणून ८२.५ मधून ७३.८६ वजा करून आलेल्या ८.६४ ला चाराने गुणायचे. उत्तर ३४.६ मिनिटे. मिर्झापूरला दुपार झाल्यानंतर इतक्या वेळाने ती पुण्याला होते. मुंबईसाठी हाच आकडा साडेअडतीस आहे. मुंबई महापालिका १९५५ पर्यंत आपली वेगळी, प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटे मागे असलेली ‘मुंबई वेळ’ पाळत होती, तिचे मूळ इथे आहे.

या रेखांतरानंतर दुसरा संस्कार येतो, कालसमीकरणाचा. आकाशातला सूर्य घड्याळासारखा सम गतीने चालत नाही. कधी तो घड्याळाच्या पुढे असतो, कधी मागे. हा फरक मिनिटांत काढायला एक कामचलाऊ सूत्र आहे, आणि त्याच्यासोबत सूर्याची क्रांती, म्हणजे विषुववृत्ताच्या किती अंश उत्तरेला किंवा दक्षिणेला तो आहे, तीही निघते:

```
B = 360/365 * (n - 81)
E = 9.87*sin(2B) - 7.53*cos(B) - 1.5*sin(B)
d = 23.44 * sin(B)
```

यात `n` म्हणजे १ जानेवारीपासून कितवा दिवस. २७ ऑगस्ट हा लीप नसलेल्या वर्षातला २३९ वा दिवस. त्यावरून `B` येतो १५५.८४ अंश, `E` येतो उणे १.१ मिनिट आणि `d` येते ९.५९ अंश उत्तर.

आता बारा वाजल्यापासून पुढे ३४.६ मिनिटे जायचे आणि त्यातून `E` वजा करायचा. `E` उणे असल्यामुळे तो मिळवला जातो, इथे चिन्हाची गल्लत हमखास होते. खरी दुपार आली १२ वाजून ३५.७ मिनिटांनी.

दुसरी पायरी: अर्धे दिनमान

सूर्य क्षितिजावरून खरी दुपार गाठेपर्यंत पृथ्वी किती अंश वळते, तो कोन `H`. `L` म्हणजे आपला अक्षांश, पुण्यासाठी १८.५२.

```
cos(H) = (sin(-0.833) - sin(L)*sin(d)) / (cos(L)*cos(d))
```

उणे ०.८३३ अंश कशाला, हे समजून घेण्यासारखे आहे. आपण सूर्योदय म्हणतो तो सूर्यबिंबाची वरची कड दिसते त्या क्षणाला. त्या वेळी बिंबाचे केंद्र पाव अंशाहून थोडे जास्त खाली असते. शिवाय क्षितिजाजवळ हवेमुळे प्रकाश वाकतो आणि सूर्य सुमारे अर्धा अंश वर उचललेला दिसतो. दोन्ही मिळून ०.८३३. वक्रीभवन सोडून देऊन बिंबाच्या केंद्राचा उदय धरणारी पंचांगेही आहेत. त्यांचा पुण्याचा सूर्योदय साडेतीन मिनिटे उशिरा आणि सूर्यास्त तेवढाच लवकर येतो. नेमक्या उदयक्षणी आहुती देणाऱ्या अग्निहोत्र्याला हा फरक फार मोठा. मध्यान्हकाळाच्या टोकांना मात्र तो जेमतेम पाऊण मिनिट हलवतो, कारण तिथे दोन्ही बाजूंची छाटणी पाचाने भागली जाते.

आपल्या उदाहरणात उजवी बाजू येते उणे ०.०७२, म्हणून `H` ९४.१४ अंश. एका अंशाला चार मिनिटे, म्हणजे ६ तास १६.६ मिनिटे. खऱ्या दुपारीतून हे वजा केले की सूर्योदय ६:१९, मिळवले की सूर्यास्त ६:५२. दिनमान १२ तास ३३ मिनिटे.

तिसरी पायरी: वाटे

दिनमानाचा पाचवा भाग १५०.६ मिनिटे. मध्यान्ह हा पाचांतला तिसरा, म्हणजे तो खऱ्या दुपारीच्या दोन्ही बाजूंना ७५.३ मिनिटे पसरतो. सुरुवात ११:२०, शेवट १:५१. पंचांग उघडून पाहा, एखाद्या मिनिटाच्या फरकाने जुळेल.

हेच गणित नागपूरसाठी, रेखांश ७९.०९ आणि अक्षांश २१.१५ घेऊन करा. खरी दुपार १२:१५ ला येते, सूर्योदय ५:५६ ला, आणि मध्यान्हकाळ १०:५९ ते १:३०. एकाच राज्यात एकवीस मिनिटांचा फरक. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत छापलेले सूर्योदय बहुधा एकाच शहराचे असतात. ते कोणते, हे कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलेले असते, आणि नागपूरकर किंवा गोंदियाकर ते न वाचता मुंबईच्या वेळेवर प्रदोष सोडतात.

दुसरी नेहमीची गफलत अभिजिताची. तो घड्याळाच्या बारा वाजता असतो असे धरून चालणारे पुष्कळ आहेत. पुण्यात ११ फेब्रुवारीला खरी दुपार १२:४९ ला असते, मुहूर्त ४६ मिनिटांचा, म्हणून अभिजित १२:२६ ते १:१२. बाराचा ठोका त्यात येतच नाही. रामजन्माला बारा वाजता पाळणा हलवणाऱ्या देवळांना काही अडचण नाही, कारण तिथे अपेक्षित असलेला मध्यान्हकाळ सुमारे अडीच तासांचा असतो आणि बारा त्यात आरामात बसतात. महाशिवरात्रीचा निशीथही असाच: १५ फेब्रुवारी २०२६ च्या रात्री पुण्यातला रात्रीचा मध्य १२:४९ ला होता, बाराला नव्हे.

वेळा सरकतात त्या दोन कारणांनी

वरच्या गणितात तारीख बदलली की दोनच गोष्टी बदलतात: क्रांती `d` आणि कालसमीकरण `E`. क्रांती दिनमान ताणते किंवा आखडते. कालसमीकरण सबंध दिवस उचलून घड्याळावर पुढे-मागे ठेवते. ही दोन सरकणी वेगवेगळ्या चालीने होतात, आणि गोंधळ होतो तो बहुतेक त्यांना एकच समजल्यामुळे.

क्रांतीचे कारण सर्वांना ठाऊक असते: पृथ्वीचा अक्ष २३.४४ अंश कललेला आहे, त्यामुळे सूर्य सहा महिने उत्तरेकडे, सहा महिने दक्षिणेकडे झुकतो. पुण्यासारख्या १८-१९ अक्षांशाच्या गावी त्यामुळे दिनमान ११ तास १ मिनिटापासून १३ तास १५ मिनिटांपर्यंत बदलते. पणजीला हा पल्ला याहून कमी, नागपूरला थोडा जास्त.

कालसमीकरणाची कारणे दोन. पृथ्वीची कक्षा किंचित लंबवर्तुळाकार आहे. जानेवारीच्या सुरुवातीला ती सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि तेव्हा वेगाने धावते, म्हणून सूर्य पुन्हा डोक्यावर यायला तिला स्वतःभोवती जरा जास्त वळावे लागते. दुसरे, सूर्याचा वर्षभराचा मार्ग विषुववृत्ताला तिरका आहे, त्यामुळे त्याच्या चालीचा पूर्व-पश्चिम भाग अयनबिंदूंच्या, म्हणजे सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसाच्या, आसपास जास्त पडतो आणि संपातांजवळ, म्हणजे दिवस-रात्र सारखी असताना, कमी. दोन्ही मिळून पुण्याची खरी दुपार नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:१८ पर्यंत अलीकडे येते आणि फेब्रुवारीच्या मध्याला १२:४९ पर्यंत पलीकडे जाते. एकतीस मिनिटांचा हा झोका दिनमानाच्या तक्त्यात कुठेही दिसत नाही.

हिवाळ्यात दोन्ही सरकणी एकमेकांवर पडतात तेव्हा काय होते ते पुण्याच्या आकड्यांत पाहा.

| तारीख | सूर्योदय | खरी दुपार | सूर्यास्त | दिनमान |
|---|---|---|---|---|
| २५ नोव्हेंबर | ६:४७ | १२:२२ | ५:५६ | ११ ता. ९ मि. |
| २१ डिसेंबर | ७:०२ | १२:३३ | ६:०३ | ११ ता. १ मि. |
| २० जानेवारी | ७:१० | १२:४५ | ६:२१ | ११ ता. ११ मि. |
| २१ जून | ५:५९ | १२:३६ | ७:१४ | १३ ता. १५ मि. |

सर्वांत लहान दिवस २१-२२ डिसेंबरचा, पण सर्वांत लवकरचा सूर्यास्त त्याच्या जवळजवळ महिनाभर आधी होऊन गेलेला असतो आणि सर्वांत उशिराचा सूर्योदय महिनाभर नंतर होतो. संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो म्हणतात. १५ जानेवारीला पुण्याचा दिवस डिसेंबरातल्या सर्वांत लहान दिवसापेक्षा सात मिनिटांनी मोठा झालेला असतो हे खरे, पण ती वाढ सगळी संध्याकाळी जमा होते. सूर्यास्त पंधरा मिनिटांनी पुढे गेलेला असतो आणि सूर्योदयही आठ मिनिटांनी उशिरा गेलेला असतो. सकाळची संध्या करणाऱ्याला म्हणूनच संक्रांतीनंतरही आठवडाभर दिवस वाढल्याचे काही जाणवत नाही, सायंसंध्या करणाऱ्याला मात्र डिसेंबराच्या पहिल्या आठवड्यातच जाणवू लागते. ज्यांनी सूर्योदय ‘दिवसाला इतके सेकंद’ असा सरासरीने पुढेमागे करून तक्ता बनवला आहे त्यांची चूक नेमकी याच काळात सर्वांत मोठी असते.

रात्रीच्या वाट्यांवर होणारा परिणाम उलटा असतो. २१ डिसेंबरला पुण्यातली रात्र जवळजवळ १३ तासांची, तिचा मुहूर्त ५२ मिनिटांचा; म्हणून प्रदोष ६:०३ ते ८:३९ आणि ब्राह्ममुहूर्त ५:१८ ते ६:१०. जूनमध्ये रात्रीचा मुहूर्त ४३ मिनिटांवर येतो. तेव्हा प्रदोष ७:१४ ते ९:२३ आणि ब्राह्ममुहूर्त ४:३३ ते ५:१६. बाराही महिने पहाटे चारचा गजर लावणारे या दोन्ही दिवशी ब्राह्ममुहूर्ताच्या आधीच उठून बसलेले असतात. उठायला हरकत नाही, पण त्याला ब्राह्ममुहूर्त म्हणायचे तर डिसेंबरात सव्वा तास थांबावे लागेल.

याच सूत्रातून नमाजाच्या वेळा

मशिदीतला वेळांचा तक्ताही याच सूत्रावर चालतो, फक्त उणे ०.८३३ च्या जागी दुसरे कोन येतात. फजर आणि इशासाठी भारतात बहुधा सूर्य क्षितिजाखाली १८ अंश असतानाचा क्षण धरतात. २७ ऑगस्टला पुण्यात तो पहाटे ५:०५ आणि रात्री ८:०७ ला येतो. जोहर खऱ्या दुपारीनंतर लगेच सुरू होतो, मगरिब सूर्यास्ताला.

असरची रीत सुरेख आहे: उभ्या काठीची दुपारची जी सर्वांत आखूड सावली असते तिच्यात काठीची लांबी मिळवायची, आणि सावली तितकी झाली की असर लागली. कोकणी मुसलमान शाफई, ते एक लांबी मिळवतात. हनफी दोन मिळवतात. पुण्यात २७ ऑगस्टला त्यामुळे एकाची असर ३:५६ ला आणि दुसऱ्याची ५:०३ ला. एकाच गावच्या दोन तक्त्यांत तासाभराचा फरक दिसला तर तो छपाईचा दोष समजू नका.

सूत्र कुठे थकते

वर दिलेले क्रांतीचे सूत्र वर्तुळाकार कक्षा गृहीत धरते, त्यामुळे सप्टेंबर-ऑक्टोबरात ते एखाद्या अंशाने किंवा त्याहून थोडे जास्त चुकते. महाराष्ट्राच्या अक्षांशावर त्याने सूर्योदय एखाद-दोन मिनिटांनीच हलतो. लंडनच्या अक्षांशावर तीच चूक पाच मिनिटांच्या वर जाते, म्हणून तिकडे राहणाऱ्यांनी क्रांती आणि कालसमीकरण खगोलीय कोष्टकातून घ्यावे, बाकीच्या पायऱ्या त्याच. उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे केलेले असते, तो तास शेवटी मिळवायचा. गणिताच्या मध्येच मिळवला तर कुठे मिळवला ते विसरायला होते. २१ जूनला लंडनमध्ये सूर्य पहाटे ४:४३ ला उगवून रात्री ९:२१ ला मावळतो. रात्रीचा मुहूर्त तिथे साडेएकोणतीस मिनिटांचा उरतो आणि प्रदोष दीड तासाच्या आत आटोपतो. ठोक ४८ मिनिटे धरली तर प्रदोष रात्री पावणेबाराला संपेल, म्हणजे साडेसात तासांच्या त्या रात्रीचा जवळजवळ एक तृतीयांश प्रदोषच. तिथे कोणता नियम पाळायचा हे गणिताने सुटत नाही, ते घरच्या परंपरेला विचारावे. आणखी उत्तरेला, नॉर्वेच्या टोकाला, उन्हाळ्यात `cos(H)` उणे एकच्याही खाली जातो आणि कॅल्क्युलेटर चूक दाखवतो. ते उत्तर बरोबर असते, कारण त्या दिवशी सूर्यास्तच नसतो.

घाटातल्या गावाची गोष्ट वेगळी. सूत्र सपाट क्षितिजाचे आहे. पूर्वेला डोंगर असेल तर बिंब उशिरा दिसेल, पण धर्मकृत्यासाठी गणिताचाच उदय धरायचा ही पंचांगांची रीत आहे. म्हणून अंगणातून पाहिलेल्या उगवतीशी आपले आकडे ताडून पाहू नयेत.

ताडून पाहायची असेल ती खरी दुपार. सपाट जागी ओळंब्याने काठी उभी करा आणि अकरापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करा. दुपारच्या आसपास सावलीची लांबी इतकी हळू बदलते की सर्वांत आखूड सावली कोणती ते डोळ्यांना ठरवता येत नाही. त्यापेक्षा सकाळी एखादी सावली निवडून तेवढ्या लांबीच्या दोरीने काठीभोवती वर्तुळ काढा, दुपारनंतर सावली त्याच वर्तुळाला पुन्हा टेकेल ती वेळ टिपा, आणि दोन वेळांचा मध्य काढा. सकाळची खूण ११:०५ ची आणि दुपारची २:०६ ची असेल तर खरी दुपार १२:३५ च्या पुढे, अर्ध्या मिनिटावर. सूत्राने आलेला आकडा याच्यापेक्षा दोन-तीन मिनिटांहून जास्त वेगळा असला तर बहुधा `E` चे चिन्ह उलटे पडले आहे. पुणेकरांना १३-१४ मेच्या सुमारास आणखी सोपी संधी मिळते: त्या दिवशी क्रांती आणि अक्षांश सारखे होतात आणि १२:३१ ला काठीची सावली तिच्या पायाशी नाहीशी होते. जुलैच्या शेवटीही एकदा तसे होते, १२:४१ ला, पण तेव्हा आभाळ बहुधा भरलेले असते.